अठ्ठावन्न नंबरची स्लाइड

धुळ्याच्या त्या हॉलमधले दिवे बंद झाले की अभिमन सुरवाडेचा तास तिथेच संपायचा.

तो मुद्दाम पहिल्या रांगेत बसायचा, महाजन सरांच्या अगदी समोर. उजेड असला की सरांचे ओठ दिसायचे आणि ओठ दिसले की बोलणं निम्मंशिम्मं कळायचं. पण दहा मिनिटांत मागून कोणीतरी ओरडायचं, पडद्यावर काही दिसत नाही, लाइट घालवा. मग खिडक्यांचे पडदे ओढले जायचे. सर अंधारात एक सावली होऊन फिरायचे, आणि त्यांचा आवाज अभिमनला लांबच्या विहिरीवरच्या मोटरीसारखा यायचा. चालू आहे एवढं कळायचं, बाकी काही नाही.

अभिमन बावन्न वर्षांचा होता. पहूरजवळच्या एका बारा गावांच्या पाणी योजनेवर तो चोवीस वर्षं ऑपरेटर होता, त्यातली पहिली सोळा पंपहाऊसमध्ये. तीन मोठ्या मोटरी, वर पत्र्याचं छत. कान कधी गेले ते त्याला सांगता आलं नसतं. आधी पाखरांचा आवाज गेला, मग फोनवरचं बोलणं, मग पाठीमागून मारलेली हाक. घरी इंदिराबाई समोर उभी राहून बोलायची. केंद्रावर कोणाला ठाऊक नव्हतं. फोन आला की तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा, म्हणायचा, "रेंज नाही, तू बोल." दोन वर्षांपूर्वी एका ऑपरेटरच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, तेव्हा ठेकेदाराने त्याला ‘आराम करा’ म्हणून घरी बसवलं होतं. ते अभिमनने पाहिलं होतं.

यंदा नवा ठेकेदार आला. प्रत्येक ऑपरेटरकडे प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट हवं, असं त्याचं म्हणणं. चार शनिवार धुळ्याला जायचं, शेवटच्या शनिवारी तीस मार्कांची परीक्षा. पहाटे पाचला पहूर सोडायचं, जळगावला गाडी बदलायची, आणि पारोळ्याच्या पुढे कुठेतरी डोळा लागायचा. एरंडोलला युवराज नावाचा तिशीतला ऑपरेटर गाडीत चढायचा आणि हॉलमध्ये अभिमनच्या शेजारी बसायचा. त्याचे कान शाबूत होते. पण अंधार झाला की तो मोबाइल काढायचा.

शनिवारी संध्याकाळी सर त्या दिवसाच्या स्लाइड ग्रुपवर टाकायचे. अभिमनची सगळी भिस्त त्यांच्यावर होती. पण स्लाइडवर होतंच काय? चार ओळी, बाण, आणि इंग्रजी अक्षरांचे गठ्ठे. सर जे तोंडाने सांगत असतील ते सगळं वगळून जे उरत होतं, तेवढंच स्लाइडवर होतं. ‘आरएसएफ – एचएल – बीडब्ल्यू’. ‘एफआरसी ०.२ ॲट टेल एंड’. ‘ईएसआर / जीएसआर / एमबीआर’. अभिमन दहावी होऊन आयटीआय झालेला. अक्षरं वाचता यायची, पण त्यांच्या पोटात काय आहे ते कोण सांगणार?

त्याने शंभर पानी वही घेतली. डाव्या बाजूला अक्षरं लिहायची, उजवीकडे अर्थ. अर्थाची जागा आधी कोरी.

काही अक्षरं केंद्रावरच सापडली. गढूळपणा मोजायच्या मशीनवर आकड्याच्या पुढे ‘एनटीयू’ उमटायचं. ती अक्षरं तो रोज पाहत होता, कधी वाचली नव्हती. गेटवरच्या बोर्डावर ‘५ एमएलडी’ होतं, म्हणजे दिवसाला पन्नास लाख लिटर. ‘आरएसएफ’च्या स्लाइडवर वाळूचा फिल्टर काढलेला होता, म्हणजे आपला फिल्टर बेड. मग ‘बीडब्ल्यू’ हा बॅकवॉशच असणार, उलटं पाणी सोडून वाळू धुणं, कारण फिल्टर तुंबल्यावर दुसरं करायचं काय असतं? ‘एफआरसी’ला वेळ लागला. शेवटच्या नळाला शून्य दशांश दोन उरलंच पाहिजे असं काय असतं, याचा विचार करता करता त्याच्या लक्षात आलं, हे तर उरलेलं क्लोरीन. रोज सकाळी ते तपासायला तोच जायचा.

पहिल्या शनिवारनंतरच्या रविवारी तो मेहरूणला मुलीकडे गेला. प्रज्ञा लॅब टेक्निशियन होती, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. तिला इंग्रजी चांगलं येत होतं. तिने वही घेतली, त्याच्या समोर बसली आणि तोंड नीट हलवत म्हणाली, "बाबा, ईएसआर मला माहिताय. रक्तातल्या लाल पेशी तासात किती खाली बसतात ते बघायची टेस्ट."

"पाण्याच्या टाकीजवळ रक्त कायले येईन?"

"इथे टाकी कुठंय?"

त्याने मोबाइलमधली स्लाइड दाखवली. ईएसआरशेजारी खांबांवरच्या टाकीचं चित्र होतं आणि जीएसआरशेजारी जमिनीवरच्या टाकीचं. प्रज्ञाने चित्रांकडे पाहिलं आणि हसू दाबत डोक्याला हात लावला. "आर म्हणजे रिझर्वायर असेल. ई म्हणजे उंचावरची, जी म्हणजे ग्राउंडची. आणि हे ओटी? माझ्याकडे ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर."

"आमच्याकडे ओटी म्हंजे ते पिवळं औषध. दोन थेंब टाकले का क्लोरीन दिसतं."

"मग मला विचारू नका बाबा. तुमच्या अक्षरांचे अर्थ तुमच्या कामातच शोधा. माझी अक्षरं तुम्हाला गोंधळात टाकतील." मग जरा थांबून ती म्हणाली, "सरांना का नाही विचारत?"

"विचारलं, तं उत्तर ऐकू आलं पाह्यजे ना."

तिने वही मिटून परत दिली. कानाच्या मशीनचं ती चार वर्षांपासून सांगत होती. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: मशीन लावलं की सगळ्यांना दिसतं.

तिसऱ्या शनिवारी स्लाइड नंबर अठ्ठावन्न आली. हॉलमध्ये अंधार होता, सर त्या एका स्लाइडवर बराच वेळ बोलले, दोनदा हात हलवून काही तरी वेगळं करून दाखवलं, रांगेतली माणसं हसतानाही दिसली. अभिमनने शेजारी पाहिलं. युवराजची खुर्ची रिकामी होती.

संध्याकाळी मोबाइलवर आलं ते एवढंच:

‘टी अँड ओ (ॲल्गल) → पीएसी १०–२० एमजी/एल. सीटी ३० मि. मिनि. बिफोर सीएल-टू.’

कोपऱ्यात एक फोटो होता, पण तो नुसता काळा आला होता. फोटो बिघडला असेल, असं त्याला वाटलं.

पीएसी पाहून त्याला बरं वाटलं, कारण ते त्याला पक्कं ठाऊक होतं. केंद्रावर सगळे त्याला पॅक म्हणत. पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड, निळ्या ड्रममध्ये येणारं, तुरटीच्या जागी वापरायचं. ते पाण्यात गेलं की गाळाचे गोळे होतात आणि खाली बसतात. आठ वर्षं तो ते टाकत होता. खात्री म्हणून त्याने मोबाइलवर पीएसी शोधलं. निळ्या ड्रमांच्या जाहिराती निघाल्या. चाळीस नंबरच्या स्लाइडवरही गढूळ पाण्यापुढे पीएसीच लिहिलेलं होतं. मग ‘टी’ म्हणजे टर्बिडिटी, गढूळपणा, आणि ‘ओ’ म्हणजे इतर काही तरी. सीटी त्याला पंपाच्या पॅनेलवरून माहीत होता, करंट मोजायला बसवतात तो. तीस मिनिटांचा सीटी कसा असतो ते काही कळेना. त्याने तिथे प्रश्नचिन्ह केलं आणि झोपला. सोळा तासांचा दिवस झाला होता.

सोमवारी पाण्याला वास सुटला.

मे महिना होता. धरण तळाला गेलेलं, काठाने हिरवा थर. चार गावांतून फोन आले. पाण्याला मातीचा वास येतो, उकळलं तरी जात नाही, माठाला लागला आहे. दुपारी एक म्हातारी बाटली घेऊन थेट केंद्रावर आली आणि ती बाटली तिने अभिमनच्या नाकाला लावली. "आबा, हे तुम्ही प्या. मंग आम्हाले पाजा."

केंद्राची केमिस्ट दिपमाला तीन दिवस रजेवर होती, मामाच्या घरी लग्न होतं. ठेकेदाराचा इंजिनीअर अर्हम जळगावहून आठवड्यातून एकदाच यायचा, त्याच्याकडे अशा पाच योजना होत्या. त्याने मेसेज टाकला, ‘अभिमनभाऊ, ट्रेनिंग चालू आहे ना तुमचं? त्यात काय दिलंय बघा आणि करा.’

अभिमनने अठ्ठावन्न नंबरची स्लाइड उघडली. ‘ॲल्गल’ म्हणजे शेवाळ, हे त्याला ‘अल्गी’ या ओळखीच्या शब्दावरून लागलं. शेवाळ तर समोर दिसतच होतं. पॅक दहा ते वीस. आपण बारा देतोय, मग वीस करू. त्याने डोसिंग पंपाची चकती फिरवली आणि रजिस्टरला लिहिलं: पॅक २०.

मंगळवारी वास तसाच होता. बुधवारीही. उलट फिल्टरमधून निघणारं पाणी, जे एरवी अर्धा एनटीयू असायचं, ते पावणेदोनवर गेलं. धरणातून येणारं कच्चं पाणी उन्हाळ्यात तसं नितळच होतं, त्यात एवढं पॅक पडल्यावर गोळे बसायच्या ऐवजी बारीक भुगा होऊन वाळूवर जाऊ लागला. जो फिल्टर चोवीस तास चालायचा तो नऊ तासांत तुंबू लागला. पाळीत दोन-दोन फिल्टरांचा बॅकवॉश, दर वेळी पाणी वाया, टाक्या भरेनात, शेवटच्या तीन गावांना पाणी दीड तास उशिरा. अभिमनने दोन्ही दिवस दोन पाळ्या केल्या. पाय सुजले. घरी गेल्यावर इंदिराबाई काय बोलत होती ते बघायलाही त्याने मान वर केली नाही.

गुरुवारी सकाळी दिपमाला आली. सव्वीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली पोर, या नोकरीत तिचं पहिलंच वर्ष. रजिस्टर उघडून ती त्याच्यासमोर आली. ती घाईत बोलायची, पण तिचे ओठ वाचायला सोपे होते.

"भाऊ, पॅक वीस कोणी केलं? जार टेस्ट केली होती का?"

त्याने स्लाइड दाखवली. तिने ती दोनदा वाचली. "टी अँड ओ म्हणजे काय? सरांनी काय सांगितलं इथे?"

खरं सांगायची ती वेळ होती. अभिमन म्हणाला, "सरांनी हेच सांगितलं. वास आला का पॅक वाढवायचं."

"नक्की?"

"मी पहिल्या लायनीत होतो."

दिपमालाने मान हलवली. सर सदतीस वर्षं पाण्यात काम केलेले, रिटायर्ड इंजिनीअर. ती कालची पोर. तिने पॅक तसंच राहू दिलं. त्या दिवशी तिसरा फिल्टरही सात तासांत तुंबला आणि संध्याकाळी एका गावचे लोक गेटवर आले. शिव्या दिल्या त्या अभिमनला ऐकू आल्या नाहीत, पण दिपमालाला आल्या. ती लग्नातली मेंदी असलेल्या हातांनी गेटची जाळी धरून उभी होती आणि सारखं म्हणत होती, "करतोय, आम्ही करतोय." तिचा चेहरा पाहून अभिमनला बसवेना.

शुक्रवारी ती आल्या आल्या तो तिच्या टेबलापाशी गेला.

"ताई, मी खोटं बोललो."

तिने वर पाहिलं.

"सर काय बोल्ले ते मले माहीत नाही. मले ऐकू येत नाही. आजचं नाही, लय वर्षांचं. त्या हॉलमधी मी नुसता बसतो. हे जे सांगितलं ते मी माझ्या मनानं लावलं."

दिपमालाने रजिस्टर मिटलं. मग ती चिडली. "भाऊ, मी काल तुमच्या शब्दावर ठेवलं ते. लोकांच्या शिव्या खाल्ल्या मी." एवढं बोलून तिने आधी जार टेस्ट लावली, सहा भांड्यांत सहा वेगवेगळे डोस. नऊवर पाणी सगळ्यात छान नितळलं. तिने पंप नऊवर आणला. मग हात पुसून खुर्ची ओढली, त्याच्या अगदी समोर घेतली आणि म्हणाली, "वही दाखवा."

तिने वही पानापानाने पाहिली. काही ठिकाणी मान डोलावली, एक-दोन ठिकाणी पेनने दुरुस्ती केली. मग अठ्ठावन्नपाशी थांबली.

"तुम्ही टी म्हणजे टर्बिडिटी धरलं. का?"

"पॅकच्या शेजारी होतं म्हणून."

"हीच अक्षरं अजून कुठे आलीत का?"

हे त्याने केलं नव्हतं. दोघांनी पहिल्या स्लाइडपासून शोधायला घेतलं. बारा नंबरवर सापडली. वर लिहिलं होतं, लोकांना जाणवणारे दोष, आणि खाली ओळीने: कलर, टर्बिडिटी, टी अँड ओ, टीडीएस.

"बघा," दिपमाला म्हणाली. "गढूळपणा इथे वेगळा लिहिलाय. मग टी गढूळपणा कसा असेल? लोकांना रंग जाणवतो, गढूळ जाणवतं, अजून काय जाणवतं?"

"चव," अभिमन म्हणाला. "आन वास."

"टेस्ट अँड ओडर." तिने लिहिलं. "म्हणजे स्लाइड बरोबर वासाचीच आहे. मग वासाला पॅक का देतील? पॅक तर आपण आठ वर्षं देतोय. त्याने वास जात असता, तर सोमवारी आलाच नसता."

हे इतकं साधं होतं की अभिमनला लाज वाटली. मग तो सीटीच्या प्रश्नचिन्हाकडे बघू लागला. पॅकला तीस मिनिटं कशाला हवीत? पॅक तर मिक्सरमध्ये पडता पडता काम सुरू करतं. "हे काही तरी पाण्यात भिजत राहतं," तो म्हणाला. "अर्धा तास पाण्यासंगं राह्यलं पाह्यजे असं काही. आन क्लोरीनच्या आधी. क्लोरीनशी त्याचं जमत नसन."

"कॉन्टॅक्ट टाइम," दिपमाला म्हणाली. "आणि हा फोटो?"

"तो बिघडला. काळा आला."

तिने मोबाइल हातात घेतला, फोटो मोठा केला, उजेड वाढवला. काळ्यात काळं काही तरी दिसू लागलं. स्टीलचा चमचा, त्यावर ढीग. फोटो बिघडलेला नव्हता. ती काळी पावडर होती.

"सी म्हणजे क्लोराइड नाही, कार्बन," दिपमाला म्हणाली. तिने या वेळी पीएसीसोबत ‘वास’ टाकून शोधलं, आणि पहिल्याच ओळीत आलं: पावडर्ड ॲक्टिव्हेटेड कार्बन. दोन वेगळ्या वस्तू, नाव एकच.

तिने अर्हमला फोन लावला आणि स्पीकर न लावता बोलली. मध्ये मध्ये अभिमनकडे पाहून ओठांनी सांगत राहिली. अर्हम म्हणत होता, इंटरनेटवरून वाचून मी माल मागवू शकत नाही, वर विचारतील. ज्यांनी ट्रेनिंग दिलं त्यांच्याकडून स्पष्ट लिहून आणा, डोससकट. उद्या शनिवार आहेच.

"त्यांना सांगू का, तुमचं?" तिने फोनवर हात ठेवून विचारलं.

अभिमन म्हणाला, "आधी सरांले मी सांगतो."

शेवटच्या शनिवारी तो हॉल उघडायच्या आधी पोहोचला. महाजन सर व्हरांड्यात चहा पीत होते, अडुसष्ट वर्षांचे, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. अभिमन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"जय भीम सर. पहूरकडचा सुरवाडे. सर, मले ऐकू येत नाही. माझ्याकडे पाहून बोला. अठ्ठावन्न नंबरला पीएसी म्हंजे काय?"

सरांच्या कपाळाला आठी पडली. ते भराभर बोलू लागले आणि मान वळली. अभिमनने हात वर केला. "सर, तोंड इकडे."

सर थांबले. कप कठड्यावर ठेवला. आता ते हळू बोलले आणि त्याला प्रत्येक शब्द दिसला. "मागच्या वेळी मी पंधरा मिनिटं हेच सांगितलं, की दोन पॅक आहेत, एक गाळ बसवतं आणि दुसरं, ते काळं, वास ओढून घेतं. एकाच्या जागी दुसरं टाकू नका. हात काळे होतात म्हणून दाखवलं, लोक हसले."

"मले हसणं दिसलं."

"मग तुम्ही काय केलं?"

अभिमनने सांगितलं. वीसचा डोस, तुंबलेले फिल्टर, गेटवरचे लोक. काही लपवलं नाही. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. रागावतील असं वाटलं, पण ते नुसते दमलेले दिसले. "वीस वर्षं मी ह्याच स्लाइड दाखवतोय," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी बोलतो ना, मग लिहायची काय गरज."

त्यांनी एका कागदावर मराठीत लिहून दिलं. काळी कोळशाची पावडर, क्लोरीनच्या आधी, पाण्यासोबत किमान अर्धा तास, सुरुवात दहाने करा, वास बघून वाढवा, टाकताना तोंडाला रुमाल बांधा, फिल्टरमधून काळं येत नाही ना तपासा. खाली सही केली.

मग हॉलमध्ये दिवे चालू ठेवूनच सरांनी विचारलं, "पीएसी म्हणजे काय, कोण सांगेल?" सगळ्यांनी एका सुरात पॉली ॲल्युमिनियम सांगितलं. "अठ्ठावन्नवरचं?" पुन्हा तेच. दोघातिघांनी तेवढा कार्बन म्हटलं. युवराज वहीत काही शोधत होता आणि वही कोरी होती. सर फळ्याकडे वळले आणि खडूने एकेक अक्षर फोडून लिहू लागले. एवढ्या अक्षरांना एक तास गेला. परीक्षा उशिरा सुरू झाली, लोक गाडी चुकेल म्हणून कुरकुरले. अभिमनने फळ्यावरचं सगळं उतरवलं. त्याच्या वहीतले सहा अर्थ चुकीचे निघाले. एमबीआर तर तो शेवटपर्यंत मोटरीशी जोडत होता. ती उंचावरची मुख्य टाकी होती, जिच्यातून बाकीच्या टाक्यांना पाणी वाटतात.

परीक्षेत त्याला तीसपैकी एकोणीस मिळाले. सोळा लागत होते. युवराजला सतरा.

सोमवारी अर्हम केंद्रावर आला. कागद वाचला, ऑर्डर दिली, आणि मग दिपमालाला बाहेर जायला सांगितलं. कानांचं अभिमनने स्वतःच सांगितलं. अर्हम तिशीतला, पाच योजनांनी पिळलेला माणूस. तो बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्या वेळी तो काही बोलला असेल तर अभिमनला कळलं नाही. मग वळून म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर पंपहाऊसला लावलंच नसतं."

"तेव्हा तुम्ही नव्हते साहेब. तेव्हा कानही होते."

"जळगावला सिव्हिलमध्ये तपासणी करून घ्या. रिपोर्ट आणा. मी वर काय लिहायचं ते बघतो." दारात पोहोचल्यावर तो परत आला, कारण पाठ करून बोललेलं पोहोचत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. "घरी बसवणार नाही. पण रात्रपाळीला फोनवर एकटे नको. दिवसपाळी, केमिकलवर."

दिवसपाळी म्हणजे बढती नव्हती आणि शिक्षाही नव्हती. अभिमनला त्याचं काय करावं ते कळेना. तो फक्त "बरं" म्हणाला.

काळी पावडर यायला अकरा दिवस लागले. तोवर लोक पाणी कपड्याने गाळत राहिले, जणू वास कपड्यात अडकतो. गोण्या आल्या तेव्हा अभिमन आणि दिपमाला दोघांनी तोंडाला रुमाल बांधले. कार्बन कच्च्या पाण्याच्या पाइपमध्ये, अगदी सुरुवातीलाच सोडायचं ठरलं, म्हणजे क्लोरीनपर्यंत पोहोचायला पस्तीस मिनिटं मिळत होती. पहिल्या दिवशी फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी डोस पंधरावर नेला. चौथ्या दिवशी दिपमालाने ग्लास भरून आणला, आधी स्वतः हुंगला, मग त्याच्यापुढे धरला. वास होता, पण शोधावा लागत होता.

"गेला का हो?" तिने विचारलं.

"जाईन," तो म्हणाला. "पाऊस पडून धरणात नवं पाणी आलं का पुरा जाईन."

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अंगावर, कानांत, नखांत सगळीकडे काळी भुकटी होती. इंदिराबाईने त्याला अंगणातच थांबवलं, बादली आणली आणि समोर उभी राहून म्हणाली, "हे कोळशाच्या खाणीत गेल्ते का तुम्ही?"

तो पायरीवर बसला. सिव्हिलमधली तारीख पुढच्या बुधवारी मिळाली होती, हे त्याने तिला सांगितलं. प्रज्ञा रजा काढून सोबत येणार होती. मशीन लागलं तर लागू दे, असंही म्हणाला.

इंदिराबाई काही तरी बोलली. तो साबण लावत होता, डोळे मिटलेले होते, त्यामुळे ते हुकलं. डोळे उघडून त्याने विचारलं, "काय?"

"काही नाही," ती म्हणाली. मग पुन्हा त्याच्यासमोर वाकली आणि सावकाश सांगितलं, "म्हनलं, पाठ इकडे करा. घासून देते."